चिमटीचं वजन

“मूठ म्हणजे किती, हे काट्यालाच विचारायचं,” आजी नातीला म्हणाली. “बेकरीत प्रत्येकाच्या हाताची तऱ्हा निराळी.” रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला. पाच मुठी पीठ अडीचशे ग्रॅम भरलं, मूठ पन्नासाची. एका चिमटीने काटा हलेना, म्हणून आजीने मिठाच्या दहा टाकल्या. सहा ग्रॅम, भागिले दहा. “माझ्या चिमटीने होतो तसा तुझ्या आईचा पाव खारट नसायचा गं,” आजी म्हणाली. काटा पुन्हा शून्यावर आणून नातीने दहा टाकल्या. चारच ग्रॅम भरले. आजीने पाहिलं, पोर तर्जनी दुमडून अंगठा आणि मधल्या बोटाने मीठ उचलत होती. “असं कुणी शिकवलं?” “कुणीच नाही. हात आपोआप असा वळतो.” लेकीची तर्जनी पीठ मळायच्या यंत्रात गेल्यापासून ती अशीच मीठ उचलायची; नात तान्ही असतानाच लेकही गेली. आजीने भिंतीवरच्या फळ्यावर मिठापुढे चार लिहिलं आणि ते दुमडलेलं बोट हातात घेतलं. भट्टीशेजारीही ते बर्फासारखं गार होतं.