दोनशे सात नंबर

“अध्यक्षसाहेब, वॉशिंग मशीन कुणाला लागणार हे आधीच ठरलेलं असतं ना?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून क्लबच्या तिकीट-सोडतीच्या भर सभेत मी हे चक्क बाबांना विचारलं. सगळा हॉल हसला.

बाबा आठवडाभर राबून दमले होते. माईक धरून म्हणाले, “विकलेल्या चारशे बारा तिकिटांच्या चिठ्ठ्या घेणाऱ्यांची नावं लिहिलेल्या स्थळप्रतींशी जुळवल्या. न विकलेली तिकिटं तुमच्यादेखत फाडली. सगळ्या चिठ्ठ्यांना सारखी घडी घातली आणि पिंप दहा वेळा फिरवलं. आता शंका तुझी, तर डोळे बांधून चिठ्ठीही तूच काढ.”

मी काढली. दोनशे सात. चिटणीसांनी स्थळप्रत उघडून दाखवली. तिच्यावर आईचं नाव होतं.

“बघा, ठरलेलंच,” मागून कुणीतरी म्हणालं.

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं. “आमच्या घरचं तिकीट बाद. दुसरी काढ.”

मशीन क्लबमधल्या शिंपीकाकांना लागलं.

घरी आल्यावर आई बादलीत कपडे भिजवायला बसली.

“आई, ऊठ,” मी म्हणाले. “बाबा, बाह्या सरसावा. पुढच्या सोडतीपर्यंत कपडे आपण दोघं धुणार. हे मात्र आधीच ठरलंय.”