बापाला नुसती आंघोळ

"दाढी कर आणि चल," आप्पासाहेब दारातूनच म्हणाले. "उद्या कुळाचाराला तुम्ही दोघांनी बसायचंय."

सदाशिव गळका नळ उघडून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. आप्पासाहेब त्याचे सख्खे चुलते. मुकुंदवाडीहून उस्मानपुऱ्यात ते एकटे कधी येत नसत, सोबत शास्त्र असायचंच.

कालिंदी आतल्या खोलीत पडून ऐकत होती. चौथा महिना सरता सरता पोट रिकामं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळांना होतं. आत्याबाई म्हणाल्या, अजून वय आहे. अंगाला मात्र कुणी काही कळवलं नव्हतं. त्याला दूध आलं. नर्सनं छाती घट्ट बांधून दिली. कालिंदी हे रोज सांगायची, रडायची, पुन्हा पहिल्यापासून सांगायची. सदाशिव ऐकायचा आणि काहीतरी दुरुस्त करायला उठायचा. पंखा झाला, इस्त्री झाली, शेजारच्यांचं शिलाई मशीन झालं. शेजारी भलते खूश होते.

कालच ती ओरडली होती, "अहो, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

"नळ गळतोय," असं म्हणून तो पक्कड शोधायला गेला होता.

"मला सुतक आहे," बाहेरून सदाशिवचा आवाज आला.

कालिंदी उठून बसली.

"कसलं सुतक?" आप्पासाहेब हसले. "चौथ्या महिन्यातलं ते. आईला चार दिवस, ते केव्हाच फिटले. बापाला नुसती आंघोळ."

"आंघोळ केली, आप्पा. रोज करतोय. जात नाही."

कालिंदी दारात आली. नवऱ्याच्या गालांवर महिन्याभराची दाढी होती. तो देवघराकडे फिरकला नव्हता, मित्राच्या मुलाच्या मुंजीलाही गेला नव्हता. हे सगळं तिनं आळसाच्या खात्यावर टाकलं होतं.

"अरे, पण हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि किती दिवस धरणार?"

सदाशिव हातातल्या वायसरकडे बघत राहिला. त्याची हनुवटी थरथरली. आणखी थोडी थांबली असती, तर कालिंदीला महिनाभर हवं होतं ते रडू दिसलं असतं. ती थांबली नाही. ओल्या फरशीवर ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आप्पासाहेब, कुळाचाराला दुसरं जोडपं बघा. ह्या घरात सुतक आहे."

"अगं, तुझं तर फिटलंय!"

"फिटलं होतं," कालिंदी म्हणाली. "आता ह्यांच्याबरोबर पुन्हा धरलंय."