दोन रिंगा

संध्याकाळी हॉलमधला फोन दोनदा वाजून थांबला.

"पोचली बाई तुझी मैत्रीण," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

कामावरून सुखरूप घरी पोचलं की दोन रिंगा द्यायच्या, ही लेकीची आणि तिच्या मैत्रिणीची जुनी खूण. लग्न होऊन मैत्रीण दूर गेली, गप्पा आटल्या, मग वाढदिवसाच्या शुभेच्छाही. रिंगा तेवढ्या टिकल्या, म्हणून लेकीनेही कधी आपणहून फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी आई अचानक गेली. फोनही मुका झाला. चार संध्याकाळी तशाच गेल्यावर लेकीच्या मनात पाल चुकचुकली. तिने मैत्रिणीला फोन लावला.

"बरी आहेस ना गं? रिंगा येईनात."

"मला काय धाड भरलीय? आणि रिंगा कसल्या? त्या मी लग्नाच्या वर्षीच सोडल्या. तुझ्या फोनची वाट बघून बघून."

लेक स्वयंपाकघरात गेली. फळीवर आईचा मोबाइल होता. त्यातला शेवटचा नंबर तिने दाबला आणि हॉलमधला फोन वाजू लागला.



मोबाइल कानाशी धरून, आईला आजवर कधीच न विचारलेलं तिने विचारलं, "आई, पोचलीस का गं?"