आभार कोण मानणार?

"नाही सर, आज मी आभार मानणार नाही," नीलम्मा हत्तुरे बाई म्हणाल्या. मुख्याध्यापक गुरुशांत सर जागच्या जागी थबकले. मंडपात बक्षीस समारंभ सुरू होता. प्रास्ताविक झालं होतं, पाहुण्यांचा सत्कार चालला होता. पत्रिकेत 'आभार' या शब्दापुढे पूनम मॅडमचं नाव छापलं होतं आणि माढ्याहून येताना त्यांची एसटी वाटेत बंद पडली होती.

सरांना त्याची फारशी चिंता नव्हती. दरवर्षी असंच होई. पत्रिकेत नाव कुणाचं तरी असायचं, ऐनवेळी ते कुणीतरी गायब व्हायचं आणि सर स्टेजमागे येऊन म्हणायचे, "बाई, तेवढे आभार उरकून टाका की." बाई ते उरकून टाकत. त्यासाठी त्या सगळा कार्यक्रम पडद्याआड उभ्या राहून काढत. शाली कुणी दिल्या, माईक कुणाचा, उशिरा आलेले नगरसेवक कोण, हे डोक्यात ठेवत. आधी अध्यक्ष, मग पाहुणे, मग देणगीदार, शेवटी मंडपवाले आणि पत्रकार. हा क्रम चुकला की दुसऱ्या दिवशी शाळेत रुसवेफुगवे ठरलेले.

आता आभार मानणारा स्वतःचे आभार कसे मानणार? पत्रिकेवर दुसऱ्याचं नाव आणि आभारात इतरांची. मुलांची नाटकं बसवणं, बक्षिसं गुंडाळणं, पाहुण्यांना फोन करकरून बोलावणं हे सगळं बाईंचं. पण त्या माईकमधून त्यांचं नाव कधी निघालं नाही. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. हे शेवटचंच वर्ष. एकदा ते नाव ऐकायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"घसा बसलाय का? तसं सांगतो मी," सर म्हणाले.

"घसा उत्तम आहे. मी पुढं बसून कार्यक्रम बघणार आहे."

"अहो, दोन मिनिटांचं काम! तुमच्या तर तोंडात बसलंय ते."

"मग तुम्हीच करा की सर. अजून पाहुण्यांचं भाषण व्हायचंय, अध्यक्षांचं व्हायचंय. तयारीला वेळ आहे. नावं विचाराल ती सांगते. माईकवर मात्र मी येणार नाही."

सर चिडले. नकारासोबत एखादं कारण असतं तर ते खोडून काढता आलं असतं. बाईंनी कारणच हाती दिलं नाही. मग त्यांनी संस्थेचे अध्यक्ष आबासाहेबांना पुढं केलं. आबासाहेब स्टेजवरूनच वाकून म्हणाले, "बाई, आमचा शब्द ऱ्हाऊ द्या की. एवढं लई झालं का तुमाला?"

उभ्या नोकरीत बाईंनी या माणसाला 'नाही' म्हटलं नव्हतं. तरी त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आबासाहेब, तुमचा मान आहेच. पण आज न्हाय."

आणि त्या खरंच पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. शिक्षकांत कुजबुज झाली. म्हातारपणी बाईंच्या डोक्यात हवा गेली म्हणे.

अध्यक्षीय भाषण संपलं. गुरुशांत सर माईकसमोर आले. 'आता आभार' एवढं त्यांनी म्हणायचा अवकाश, खुर्च्या खडखडल्या. मागे उप्पीट आणि चहा आला होता. पालक उठले, शिक्षक उठले, पाहुण्यांना घेऊन आबासाहेबही उतरले. सर पाठमोऱ्या माणसांचे आभार मानत राहिले. देणगीदारांच्या आधी मंडपवाला आला, पत्रकार राहिले ते मागून आठवले. एवढ्या वर्षांत आभार सुरू झाले की चहाकडे निघणाऱ्यांत सर स्वतः पहिले असायचे.

समोर एकट्या नीलम्मा बाई होत्या. मांडीवर हात, मान ताठ. त्या एकेक नाव लक्ष देऊन ऐकत होत्या.

सरांनी घाईघाईनं शेवटाला हात घातला. "अनवधानानं कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमा असावी."

हे वाक्य प्रत्येक कार्यक्रमात म्हटलं जातं. त्याला उत्तर द्यायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"राहिलंय, सर," बाई म्हणाल्या.

सर गोंधळले. त्यांनी मनातल्या मनात पुन्हा सगळी नावं मोजली. माईक सुरूच होता. चहाचे कप हातात धरून माणसं वळून बघू लागली.

"कुणाचं राहिलं, बाई?"

"माझं," त्या म्हणाल्या. "म्हणा, मी बसलेय."