सुरक्षेचा प्रश्न

आमच्या वरच्या खोलीत राहणारा पियुष हिंगण्याच्या एका कंपनीत लोकांना पासवर्ड कसे सांभाळायचे ते शिकवतो. दिवाळीला घरी, मलकापूरला, निघायच्या आदल्या रात्री तो स्वतःचाच पासवर्ड विसरला. पाचदा चुकीचा टाकल्यावर तिकिटाचं खातं लॉक झालं. डबा, सीट, पीएनआर, सगळं आत. तिकिटाचा मेसेज पाण्यात पडलेल्या जुन्या फोनसोबत गेलेला, आणि खात्याला जोडलेला ई-मेल कॉलेजनं कधीच बंद केलेला. नवीन पासवर्डसाठी लागणारा ओटीपी जाणार तो खातं काढताना दिलेल्या नंबरवर, म्हणजे गावी वडिलांच्या फोनवर.

माझं बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून मी पियुषला फोनचा स्पीकर हळू करायला लावला. बंद करायला नाही.

"बाबा, ओटीपी आला असंन, सांगा लवकर. थोडाच वेळ चालते तो."

"नाही सांगत. तूच म्हनलं होतं ना गा, पोराच्या आवाजात फोन आला तरी ओटीपी द्याचा नाही."

"अहो, मी पियुषच बोलून राहिलो."

"चोरबी असंच म्हनन. मले सांग, मागच्या दिवाळीले घरी काहून नाही आला?"

पियुषनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या दिवाळीत त्यानं आम्हाला गोव्याहून काजू आणले होते.

"सुट्टी नाही भेटली, बाबा."

"हा. आमचाच हाय. घे लिहून."