बदलीचं चाक

“घर सोडायचं म्हटलं की पाऊल उचलत नाही, काकू. पण यांची बदली झालीय दुसऱ्या शहरात. मी जाऊ, की इथेच राहू?”

पत्तेवाल्या काकूंनी भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांची गड्डी पिसून पुढे सरकवली. “प्रश्न मनात धर आणि डाव्या हाताने काप.”

“तुम्हीच कापा ना.” समोरच्या खुर्चीतल्या बाईने हात पदरातून बाहेरच काढला नाही.

काकूंनी कापली. “नवरा काय म्हणतो?”

“बोलतच नाहीत माझ्याशी. दुसरी केलीय. मी मागच्या खोलीत असते.”

“अगं बाई! आणि ती भवानी?”

“शेजारून जाते, पण ढुंकून बघत नाही.”

काकूंचं डोकं तापलं. त्यांनी तीन पत्ते मांडले. मागचं, आत्ताचं, पुढचं. पहिला त्यांनी पुस्तकाच्या पानासारखा बाजूने उलगडला. एक माणूस नाणी छातीशी कवटाळून बसला होता.

“सोडवत नाहीये तुला.”

दुसरा पत्ता आठ पेल्यांचा. पेले मागे ठेवून कुणीतरी पाठमोरं निघालेलं. “तरी पाय निघालाय.”

तिसरा मात्र त्यांनी रागाच्या भरात खालून वर पलटला. नशिबाचं चाक. कोपऱ्यांत चार पंखवाले पोथ्या वाचत बसलेले.

“काकू, हा वेगळा पलटलात,” बाई हळूच म्हणाली. “असा पलटला की डोकं खाली असलेला उलटा पत्ता सरळ दिसतो ना?”

काकू चपापल्या. बाईचं खरं होतं. पत्ता उलटाच आला होता. उलटं चाक म्हणजे अडलेलं चाक. गाव बदललं तरी तेच भोग पुन्हा वाट्याला. त्यापेक्षा थांबलेलं बरं. पण चूक कबूल करतील त्या काकू कसल्या! शिवाय त्या नवऱ्याचा त्यांना भलताच राग आला होता.

“इतकी वर्षं पत्ते बघतेय मी, मला शिकवतेस? सरळ आहे म्हणजे सरळ! हा बघ, साप खाली उतरतोय, हा कोल्हेतोंड्या वर चढतोय. आज खाली आहे तो उद्या वर. चाक फिरलं की आपणही फिरायचं, धरून बसायचं नाही.”

“म्हणजे जाऊ?”

“जाऊ काय विचारतेस? हक्काने जा! मानगुटीवर बसून जा दोघांच्या!”

बाई पहिल्यांदाच हसली. काकूंच्या अंगावर उगाच शहारा आला. त्या खिडकी लावायला उठल्या, तर खिडकी बंदच होती.

तेवढ्यात दार ढकलून एक तरुण बाई आत आली. धापा टाकत होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. “खुर्ची रिकामीच आहे ना?” म्हणत ती थेट तिथेच बसली.

“अगं, अगं, बघून बस!”

“काय झालं?” तिने मागे वळून पाहिलं. “काकू, एवढंच सांगा. यांची बदली झालीय, उद्या आम्ही निघतोय. यांची पहिली बायको वारली, पण मागच्या खोलीतून अजून हललेली नाही. ती इथेच राहील ना?”