मागचा डावा टायर

अमरावतीहून गाडीनं कोकणात जायचं आईनंच ठरवलं होतं. तिला समुद्र पाहायचा होता. ती दिवाळीत वारली, तरी बाबांनी बेत मोडला नाही. वाटेत अकोल्याला आत्याला घ्यायचं आणि पुढं निघायचं.

सकाळी अंगणात बाबांनी रागिणीच्या हाती हवा मोजायचा गेज दिला.

“हवा थंड्या टायरातच पाहाची. गाडी चालली का टायर तापते, अन् काटा जास्त दाखवते.”

तिनं वॉल्व्हचं टोपण काढलं, गेज सरळ दाबून धरला. फुसफुस थांबली. तेहतीस. चारही चाकांत तेहतीसच भरली.

पण मागचा डावा टायर जमिनीपाशी फुगून दबला होता.

“बाबा, हा बसलेला दिसून राहिला.”

बाबांनी वॉल्व्हवर थुंकी लावली. बुडबुडा आला नाही. त्यांनी पुन्हा मोजलं. तेहतीस.

“हवा बरोबर असून टायर दबते, म्हंजे वरतून वजन हाय,” ते हळू आवाजात म्हणाले.

गाडी रिकामी होती. सामान अजून ओसरीवर होतं.

बाबा पलीकडचा टायर पाहायला गेले.

मागे डावीकडे आई बसायची. रागिणीनं दार उघडलं की “ये माय” म्हणत उजवीकडे सरकायची, लेकीला खिडकी मिळावी म्हणून.

रागिणीनं ते दार उघडलं. सीटवर कोणी नव्हतं.

तिच्या पायाशी टायर सावकाश वर आला.

“रागिणी,” पलीकडून बाबांचा आवाज आला, “आता इकडचा दबला.”